आधी नमस्कार परत, मग नाव

प्रश्न: मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आहे. सकाळी साडेसात ते साडेनऊ नुसती झुंबड असते. पेशंट आल्या आल्या "नमस्कार मॅडम" म्हणतात, मी थेट "नाव सांगा" म्हणते, वेळ वाचतो. आमच्या इन्चार्ज म्हणतात, आधी नमस्काराला नमस्कार कर, मग बाकीचं. त्या एका शब्दाने खरंच काही फरक पडतो का, की हे नुसतं वरवरचं गोड बोलणं?

उत्तर:

फरक पडतो, पण गोडव्यामुळे नाही. नमस्कार करून समोरच्याने तुमच्या हातात काहीतरी ठेवलेलं असतं, आणि त्याची फेड तिथल्या तिथे करायची असते. ती होईपर्यंत तुम्ही जे काही बोलाल ते "हिने परत दिलं नाही" या खात्यावर ऐकलं जातं, मग तुमचे शब्द कितीही साधे असोत.

वेळेचा मुद्दा आधी मिटवू, कारण तुमचं म्हणणं त्यावर उभं आहे. "नमस्कार काका" म्हणायला एक सेकंद लागतो. दोन तासांत शंभर पेशंट येतात आणि त्यातले सत्तर स्वतःहून नमस्कार करतात असं धरा. म्हणजे सबंध सकाळीत सव्वा मिनिटाच्या आतला खर्च. आता तो वाचवल्यावर काय होतं ते बघा. सकाळी आठला लालबागहून आलेले साठीचे गृहस्थ, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, उपाशीपोटीची शुगर करायची आहे.

पेशंट: नमस्कार मॅडम.
काउंटर: (स्क्रीनकडे बघत) नाव?
पेशंट: अं… नमस्कार. कदम.
काउंटर: पूर्ण नाव सांगा.
पेशंट: (पूर्ण नाव सांगतात.)
काउंटर: उपाशी आहात ना?
पेशंट: हो.

आता तेच गृहस्थ, तीच चिठ्ठी, तीच गर्दी.

पेशंट: नमस्कार मॅडम.
काउंटर: (मान वर करून) नमस्कार काका. बोला.
पेशंट: ही शुगर सांगितलीय डॉक्टरांनी, उपाशीपोटी.
काउंटर: हो. पूर्ण नाव सांगता?
पेशंट: (पूर्ण नाव सांगतात.)
काउंटर: सकाळपासून पाण्याशिवाय काही पोटात गेलंय?
पेशंट: नाही… म्हणजे सहाला चहा तेवढा घेतला.

या दोन्हींतला चहा थोडा बाजूला ठेवू, त्याकडे परत येते. पहिल्या संवादातली तिसरी ओळ बघा: "अं… नमस्कार. कदम." नाव विचारल्यावर माणसाने नाव सांगायला हवं होतं. ते सांगायच्या आधी तो थबकला आणि त्याने नमस्कार दुसऱ्यांदा केला. विसरला म्हणून केला नाही. पहिला पोचला की नाही, हे तो तपासत होता. दार वाजवल्यावर आतून कुणी ओ दिली नाही तर आपण पुन्हा वाजवतो, तसंच. तुमच्या काउंटरवर हा दुसरा नमस्कार किती वेळा ऐकू येतो ते नुसतं मोजलंत, तरी वाचवलेला सेकंद कुठे जातो ते कळेल.

संभाषणाचा बारीक अभ्यास करणारे अशा बोलण्याला जोडीचं बोलणं म्हणतात. प्रश्न-उत्तर, आमंत्रण-होकार, नमस्कार-नमस्कार. जोडीचं वैशिष्ट्य असं की पहिला भाग उच्चारला गेला की दुसऱ्या भागाची जागा आपोआप तयार होते. त्या जागी काही आलं नाही तर ती शांतता साधी राहत नाही, "दिलं नाही" अशी शांतता होते. एमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1968 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांच्या मदतकेंद्रातल्या सुमारे पाचशे फोनची सुरुवात तपासली, तेव्हा हीच गोष्ट उघडी पडली. नियम असा दिसत होता की फोन उचलणारा आधी बोलतो. एकच फोन त्या नियमात बसेना: तिथे उचलणारा गप्प राहिला आणि फोन करणाऱ्यानेच "हॅलो" म्हटलं. शेग्लॉफने तो एक फोन अपवाद म्हणून टाकून दिला नाही. घंटी ही हाक आहे आणि "हॅलो" ही तिची ओ आहे. ओ आली नाही म्हणून करणाऱ्याने तोंडाने पुन्हा हाक मारली, असा त्याने त्याचा अर्थ लावला. तुमच्या कदमांचा दुसरा नमस्कार म्हणजे तीच पुन्हा मारलेली हाक.

मग "नाव?" हे वाईट का ऐकू येतं? तो प्रश्न उद्धट नाही. पण तो नमस्काराच्या फेडीसाठी मोकळ्या असलेल्या जागेवर येऊन बसलेला असतो. तोच "नाव?" "नमस्कार काका"नंतर आला की त्याची धार जाते. शब्द तोच, जागा वेगळी.

आता फेडीबद्दल. चाळीत शेजारची वाटी घरात आली की ती रिकामी परत जात नाही, हे तुम्हाला सांगायला नको. खिरीची वाटी आली तर चार दिवसांनी तीच वाटी लोणचं घेऊन जाते. अल्विन गोल्डनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1960 साली परतफेडीच्या या रिवाजावर एक लेख लिहिला, आणि आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने आपल्याला मदत केली त्याला मदत करावी, आणि ज्याने मदत केली त्याला इजा करू नये, एवढ्या किमान दोन अपेक्षा जवळपास सगळ्या समाजांत सापडतात. फेडीचे त्याने दोन प्रकार केले. एकात परत केलेली वस्तू वेगळी असते पण मोलाने जुळते, खिरीला लोणचं तशी. दुसऱ्यात परत तीच वस्तू जाते.

नमस्कार दुसऱ्या प्रकारातला. संक्रांतीला ऑफिसात काय होतं ते आठवा. तुमच्या हातात तिळगुळाचा डबा, माझ्याही हातात तिळगुळाचा डबा. मी तुम्हाला दोन दाणे देते, तुम्ही मला दोन देता. साखरेचा हिशोब केला तर कुणाच्या पदरात काही पडलेलं नाही. तरीही तुम्ही माझा तिळगूळ घेऊन तोंडात टाकलात आणि "ती फाइल द्या हो" म्हणालात, तर मी दिवसभर ते विसरणार नाही. देवघेवीतली वस्तू जितकी कमी मोलाची, तितकं ती न देण्याला कारण उरत नाही. लोणचं नव्हतं म्हणून वाटी रिकामी आली, हे समजून घेता येतं. नमस्कार मात्र प्रत्येकाकडे असतोच, त्यामुळे तो न देण्याचा एकच अर्थ निघतो: द्यायचा नव्हता. म्हणूनच एवढ्याशा गोष्टीचं एवढं वाटतं.

वाटी आणि नमस्कार यांत आणखी एक फरक आहे, आणि "बाकी सगळ्याच्या आधी" हा तुमच्या इन्चार्जचा आग्रह त्यातूनच येतो. वाटी त्याच मिनिटाला भरून परत केली तर शेजारीण नाराज होते. हिशोब चुकता करून मोकळं व्हायचंय असं दिसतं. तिथे मधले चार दिवस हवेतच. नमस्काराचं नेमकं उलट. तो मुरत नाही, शिळा होतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतल्या प्रश्न-उत्तरांमधलं अंतर मोजलं होतं. मराठी त्यात नव्हती, पण भाषा जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या होत्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ लागत होता. भाषाभाषांत थोडा कमीजास्त, पण सगळीकडे अर्ध्या सेकंदाच्या आतच. साधारण सेकंदभराची शांतता पडली की माणसं ती भरायला काहीतरी करतात: घसा खाकरतात, पुन्हा बोलतात, "अहो मॅडम" म्हणतात.

म्हणजे आधीच्या पेशंटची नोंद संपवून मग वर बघायचं ठरवलंत तर तुम्ही हरलातच. नोंदीला वीस सेकंद लागतात. क्रम उलटा करा: टाइप करता करता मान वर, "नमस्कार काका, एक मिनिट हं", आणि पुन्हा स्क्रीन. आता तोच माणूस वीस सेकंद निमूट उभा राहतो. फेडीच्या आधीची शांतता त्याच्याविषयी असते, नंतरची तुमच्या कामाविषयी. फोनवर असाल तर तोंडाऐवजी मानेने करा. नजर भिडवून मान किंचित खाली नेली तरी परत दिलं असं मोजलं जातं. फक्त नजर खरंच भिडली पाहिजे. स्क्रीनकडे बघत केलेला "हं" मोजला जात नाही.

आणि नंतर दिला तर? "नाव सांगा… अरे हो, नमस्कार." हा उशिराचा नमस्कार न दिलेल्यापेक्षा बरा, पण फार नाही. जागा गेलेली असते, आणि आता तो कुणीतरी आठवण करून दिल्यासारखा दिसतो.

आता परत कसा द्यायचा. पहिली गोष्ट, नाणं तेच. "नमस्कार"ला "नमस्कार", "गुड मॉर्निंग"ला "गुड मॉर्निंग". परळ-लालबागच्या काउंटरवर दिवसभरात "जय महाराष्ट्र", "जय भीम", "सलाम आलेकुम", "राम राम", एखादे वारकरी आजोबा असतील तर "रामकृष्ण हरी", असं सगळं येतं. "जय भीम"ला "जय भीम"च. तिथे "हां, नमस्कार" म्हणालात तर तांत्रिकदृष्ट्या परतफेड झाली, पण ऐकणाऱ्याला ती दुरुस्ती वाटते: तुमचं नाणं इथे चालत नाही, हे घ्या आमचं. ज्याला ही दुरुस्ती आयुष्यभर ऐकावी लागली आहे त्याला ती लगेच कळते. काही जोड्यांत परतीचा शब्द ठरलेलाच वेगळा असतो. "सलाम आलेकुम"ला "वालेकुम सलाम", आणि "केम छो"ला "मजामा". तिथे शब्दशः प्रतिध्वनी केला तर तो अडाणीपणा दिसतो.

परतीच्या नमस्काराचे नियम जुन्या लोकांनीही बारकाईने लिहून ठेवले आहेत. कुराणाच्या चौथ्या सुरेत, 86व्या आयतीत, सांगितलंय की कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं परत करा, निदान तेवढं तरी करा. पाणिनीने तर प्रत्यभिवादनासाठी वेगळं सूत्रच दिलं (8.2.83): परत अभिवादन करताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवायचा, मात्र समोरचा शूद्र असेल तर लांबवायचा नाही. दुसरा अर्धा भाग वाचून राग यावा असाच आहे, पण आपल्या विषयाचं मर्म त्यातच आहे. पूर्ण परत न देणं हे उतरंड दाखवायचं फार जुनं साधन आहे. काउंटरच्या आत बसलेली बाई "नाव?" म्हणते तेव्हा तिच्या मनात फक्त रांग असते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र उतरंड ऐकू येते, कारण तहसीलपासून बँकेपर्यंत त्याने ती ऐकलेली असते.

दुसरी गोष्ट, नाण्याला एक टोक जोडा: संबोधन. नुसता "नमस्कार" परत आला तर तो शिक्का मारल्यासारखा वाटू शकतो. "नमस्कार काका", "नमस्कार मावशी" म्हटलं की तो त्या माणसासाठी झाला. इथे एक खड्डा आहे. चाळिशीच्या आसपासच्या बाईंना "काकू" म्हटलंत तर परतफेडीचं सगळं पुण्य जाईल. वय नक्की कळत नसेल तर मुंबईत "ताई" किंवा "मॅडम", पुरुषांना "दादा" किंवा "सर". समोरच्याने तुम्हाला "मॅडम" म्हटलं असेल तर "सर" परत देणं बरोबरीचं होतं, पण साठीच्या माणसाला "काका" अधिक ऊबदार लागतं. ही निवड नियमाने होत नाही, माणूस बघून करायची.

तिसरी, सूर. पहिला नमस्कार करणाऱ्याचा आवाज बहुधा शेवटी जरा वर जातो, तो विचारल्यासारखा असतो. तुमचा खाली उतरू द्या. हुबेहूब त्याच चढ्या सुरात परत केलात तर नक्कल होते, आणि गर्दीत मागचे दोघे हसतात. शब्द परत करायचा, सूर नाही.

आणि मग "बोला". हा शब्द मराठीत फार कामाचा आहे. "नमस्कार काका. बोला." यात तुम्ही घेतलेलं परत केलंत आणि लगेच मैदान त्यांच्याकडे दिलंत. कदमांनी दुसऱ्या संवादात चिठ्ठी स्वतःहून पुढे केली, कोणती तपासणी तेही सांगितलं. तुमचा एक प्रश्न वाचला. नुसतं "बोला", नमस्काराशिवाय, हे मात्र जवळजवळ "नाव?"इतकंच कोरडं आहे. "हां बोला" तर त्याहून. जोडी आधी पूर्ण व्हायला हवी, तेव्हाच "बोला" दार उघडतं.

आता त्या चहाकडे. उपाशीपोटीच्या शुगरला किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. साखरेचा चहा गेला असेल तर आकडा निरुपयोगी. पहिल्या संवादात कदम खोटं बोलले का? बहुतेक नाही. "उपाशी आहात ना?" या प्रश्नाला "हो" हेच सोपं उत्तर आहे, आणि कितीतरी घरांत चहा खाण्यात धरत नाहीत. तेव्हा दुसऱ्या संवादातला अर्धा वाटा नीट विचारलेल्या प्रश्नाचा आहे, नमस्काराचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण "नाही… म्हणजे" यातला तो "म्हणजे" बघा. आपल्यालाच अडचणीत आणणारी माहिती माणूस अशा ठिकाणी देतो जिथे आपलं बोलणं घेतलं जातंय असं त्याला दिसलेलं असतं. पहिल्याच वाक्याला जागा न मिळालेला माणूस विचारलं तेवढंच सांगतो. त्याची उत्तरं एकेका शब्दाची होतात, आणि लॅबच्या काउंटरवर एका शब्दाची उत्तरं महाग पडतात.

फोनवर मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका. आधी कोण बोललं ते मोजा. तुमची लॅब फोन उचलल्यावर "नमस्कार, अमुक लॅब, बोला" असं म्हणत असेल, तर जोडीचा पहिला भाग तुमचा आहे. पलीकडून "नमस्कार मॅडम" आला की ती परतफेड झाली, जोडी मिटली. आता तुम्ही पुन्हा "नमस्कार" म्हणालात तर पलीकडचा माणूस गोंधळतो, क्वचित तोही पुन्हा म्हणतो, आणि दोघे दारात "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत राहिल्यासारखे अडकतात. याउलट तुम्ही फक्त "हॅलो" म्हणून उचलत असाल तर ती घंटीला ओ आहे, नमस्कार नव्हे. त्यानंतर आलेला "नमस्कार" हा पहिला, आणि तो परत करायचा बाकी आहे. नव्या मुलींना फोनवर बसवतात तेव्हा सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

व्हॉट्सॲपवर जोडी तीच, घड्याळ वेगळं. "नमस्कार मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?" असा एकत्र मेसेज आला तर उत्तरही एकत्रच: "नमस्कार सर, संध्याकाळी सहानंतर मिळेल." दोन वेगवेगळ्या मेसेजमध्ये तोडू नका, त्यांचा फोन दोनदा वाजतो आणि पहिल्यांदा उघडून हाती फक्त नमस्कार लागतो. काही जण नुसतं "नमस्कार मॅडम" पाठवून थांबतात. ते वाट बघतायत, आणि फेड आल्याशिवाय पुढे बोलणार नाहीत. "नमस्कार, बोला, काय काम होतं?" एवढं एका मेसेजमध्ये गेलं की काम सुरू होतं. सोसायटीच्या ग्रुपवरच्या फुलांच्या "शुभ सकाळ"ला मात्र काही देणं लागत नाही. तो कुणा एकाला दिलेला नसतो, म्हणून त्याची परतफेडही कुणा एकाकडे येत नाही.

जिथे हे करू नये त्या जागाही सांगते. पहिली म्हणजे "कसे आहात?" नमस्कार परत करून वर आपुलकीने "कसे आहात काका?" जोडायचा मोह होतो. रस्त्यात हे चालतं, तिथे "बरंय, तुम्ही?" हीच ठरलेली फेड आहे आणि गुडघा दुखत असला तरी माणूस "बरंय"च म्हणतो. पण लॅबमध्ये आलेल्या माणसाला तो खराच प्रश्न वाटतो, आणि मागे पंधरा जण असताना तुम्हाला गुडघ्याचा इतिहास ऐकावा लागतो. मधेच तोडलंत तर आधी काही विचारलंच नसतंत तर बरं, अशी वेळ येते. जेवढं मिळालं तेवढंच परत, वर संबोधन, बस. पेशंटनेच "काय ताई, बरंय ना?" विचारलं तर "हो काका, बरंय. बोला."

दुसरी, त्याच दिवसातली दुसरी भेट. सकाळी रक्त देऊन गेलेले काका दुपारी जेवणानंतरच्या नमुन्यासाठी परत आले आणि तुम्ही पुन्हा पूर्ण "नमस्कार काका, बोला" केलंत, तर तुम्ही त्यांना विसरलात हे सिद्ध होतं. ते स्वतःही बहुधा नमस्कार करणार नाहीत, नुसतं हसतील. हसण्याला हसणं परत द्या आणि "आलात? जेवून दोन तास झाले ना?" असं सकाळचा धागा पकडून बोला.

तिसरी जागा तातडीची. "नमस्कार मॅडम, बाबांना चक्कर येतेय" या वाक्यातला नमस्कार सवयीने निघालेला असतो. त्याला परत द्यायला थांबलात तर तीच चूक. खुर्ची द्या, सिस्टरना हाक मारा. अग्निशमन किंवा पोलिसांच्या फोनवरही म्हणूनच नमस्कार जवळजवळ गळून पडलेले असतात आणि कुणाला राग येत नाही. आणि जो पेशंट काही न म्हणता चिठ्ठी सरकवतो, त्याच्याकडून काही घेतलेलं नाही. त्याला मुद्दाम नमस्कार करून "शिकवायला" जाऊ नका. लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसाशी न बोलणं हाच शिष्टाचार असलेलं हे शहर आहे. तो माणूस तिथूनच उतरून आलाय.

परतफेडीची ओढ किती खोल आहे हे दाखवणारा एक प्रयोग 1976 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. पाचशेहून अधिक अगदी अनोळखी लोकांना नाताळची कार्डं पाठवली, तर साधारण पाचातल्या एकाने उत्तर धाडलं, पाठवणारा कोण हे माहीत नसताना. असली उदाहरणं वाचून काही ट्रेनर सांगतात की नमस्कार परत केला की पेशंट मोठं पॅकेज घेतो. त्यावर विश्वास ठेवू नका. परत केलेल्या नमस्काराने तुमच्या खात्यात काही जमा होत नाही, फक्त देणं शून्यावर येतं. नमस्कारानंतरच्या दुसऱ्याच वाक्यात "काका, फुल बॉडी चेकअपची ऑफर आहे" आलं, की पेशंटला मागच्या नमस्काराचा हेतू कळतो, आणि पुढच्या वेळी तो चिठ्ठी सरकवणाऱ्यांत जातो.

स्वतःच्या काउंटरवर तपासून बघायचं असेल तर एका सकाळी शेजारी बसलेल्या मुलीला वीस पेशंटची नोंद करायला सांगा. कागदावर तीनच रकाने: पेशंटने आधी नमस्कार केला का, तुमचा पहिला शब्द परतीचा होता का, पेशंटने दुसऱ्यांदा नमस्कार, "अहो मॅडम" किंवा घसा खाकरणं यातलं काही केलं का. दुसऱ्या सकाळी मुद्दाम आधी परत देऊन पुन्हा वीस. पहिल्या रकान्यात फरक पडणार नाही, तिसऱ्या रकान्यातल्या खुणा बघा. आणि ही नोंद तुम्ही स्वतः करू नका. आपण नमस्कार परत केला की नाही हे गर्दीत आपल्यालाच आठवत नाही, "केलाच असेल" असं वाटत राहतं.